शाळेची परसबाग आणि विषयांचे तास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शाळा पहिली ते पाचवीची, पट साठ, शिक्षक दोन. परसबाग करून काही वर्षं झाली. शेजारच्या केंद्रांतले शिक्षक भेटले की किंवा रात्री फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. उत्तरं आमच्या मातीतली आहेत, म्हणजे मध्यम काळी जमीन आणि बेताचा पाऊस. कोकणातल्या शाळांनी ३ आणि ६ क्रमांकांची उत्तरं आपल्या पावसाप्रमाणे बदलून घ्यावीत.

१. परसबाग तर आमच्याकडे आहेच. मग "बागेतून विषय शिकवणं" म्हणजे वेगळं काय करायचं?

बहुतेक शाळांत बाग शाळेच्या मागे असते आणि विषय वर्गात. पाहुणे आले की बाग दाखवतात, "वृक्ष आपले मित्र" हा निबंध फळ्यावरून उतरवून घेतात, आणि दोन्हींची गाठ कधी पडत नाही. दुसरी चूक याच्या उलट असते. प्रत्येक विषय बागेला चिकटवायचा म्हणून गणितात "बागेत पाच गुलाब आहेत, दोन तोडले" असली उदाहरणं घालतात. त्या उदाहरणाला बाग लागतच नाही, ते चिंचोक्यांवरही होतं.

आम्ही एकच कसोटी लावतो. प्रश्न बागेत उभा राहिला पाहिजे आणि त्याचं उत्तर काढल्याशिवाय बागेतलं पुढचं काम अडलं पाहिजे. वाफ्याला किती बी लागेल हे काढल्याशिवाय पेरता येत नाही, म्हणून ते खरं गणित. एका महिन्याला असा एक प्रश्न पुरतो. तो कसा चालवायचा याचं उदाहरण चौथ्या प्रश्नात आहे.

२. जागा किती हवी? आमच्याकडे सगळीकडे फरशी आहे.

सुरुवातीला एका वर्गाला एक वाफा, तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद. रुंदी एक मीटरच ठेवा. चौथीतल्या मुलाचा हात काठावर बसून साधारण अर्धा मीटर पोचतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात जातो आणि कोणी वाफ्यात पाय देत नाही. पाय दिलेली काळी माती एकदा घट्ट झाली की मेथीसुद्धा वर यायला कुरकुरते.

फरशीवर भाजीवाल्याचे जुने क्रेट घ्या. आत गोणपाट अंथरा आणि एक वीत माती-खत भरा. पालेभाजीला एवढं पुरतं. भेंडी, वांग्याला पोती किंवा तळाला भोकं पाडलेले डबे लागतात. भोकं विसरू नका, पहिल्या वर्षी आमचे चार डबे पाण्यात कुजले ते त्याचमुळे.

३. सुरुवात जूनमध्ये करायची ना?

करता येते, पण पहिल्या वर्षासाठी मी दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा आठवडा सुचवेन. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकवाटप, गणवेश या गडबडीत आपलंच लक्ष नसतं. तोवर पाऊस पडून तण गुडघाभर होतं आणि बाग सुरू होण्याआधीच कंटाळा येतो. दिवाळीनंतर थंडी असते, कीड कमी असते, मेथी-पालक-मुळा महिना-दीड महिन्यात हाताशी येतो आणि मध्ये मोठी सुट्टी नसते.

दुसऱ्या वर्षापासून पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि कुंपणावर दोडका घ्या. वाफा मात्र ऋतूप्रमाणे बदला. पावसाळ्यात गादीवाफा, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. हिवाळ्यात सपाट वाफा आणि भोवती बोटभर बांध, म्हणजे घातलेलं पाणी आतच राहतं. हे असं का, ते परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनाच विचारा. मुलं शेतकऱ्यांची असतील तर उत्तर पुस्तकाआधी येतं.

४. एका वाफ्यातून चार विषय कसे निघतात? एक उदाहरण पूर्ण सांगा.

आमच्या चौथी-पाचवीच्या मेथीच्या वाफ्याचं सांगतो. प्रश्न एका मुलीने ताटावर बसून विचारला होता: "आपल्या बागेतली भाजी रोज खिचडीत का नसते?"

पोषण आहाराच्या निकषांत प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. पट साठ, म्हणजे दिवसाला तीन किलो. हा आकडा फळ्यावर लिहिला आणि वाफा पेरला. तीन चौरस मीटरला बारा ग्रॅम मेथी टाकली. रोज किती पाणी घातलं ते मुलांनी डब्याने मोजून नोंदवहीत लिहिलं. सरासरी बारा लिटर आलं. अठ्ठाविसाव्या दिवशी मेथी उपटली, माती झटकली, मुळं छाटली आणि वजन केलं. भरलं २ किलो ४०० ग्रॅम. एका दिवसाची भाजीसुद्धा पुरी झाली नाही. मुलांचे चेहरे उतरले, आणि तिथूनच गणिताचा तास सुरू झाला.

तीन चौरस मीटरला २४०० ग्रॅम, म्हणजे एका चौरस मीटरला ८००. एका मुलाचे ५० ग्रॅम हा त्याचा सोळावा भाग. वर्तमानपत्रं चिकटवून एक मीटर लांबी-रुंदीचा चौरस केला आणि चारदा निम्मा निम्मा दुमडला. हातात राहिला २५ सेंटिमीटरचा चौरस. प्रत्येकाने व्हरांड्यात खडूने तेवढा चौरस आखला आणि त्यावर पाय ठेवून उभा राहिला. "सर, एवढी जमीन महिनाभर फक्त माझ्यासाठी?" हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या ताईंनी आडवं लावलं. त्या म्हणाल्या, निवडलेली कुठं आहे अजून? निवडल्यावर पानं आणि कोवळे देठ मिळून दीड किलो राहिली. हिशेब परत केला. आता चौरस मीटरला ५०० ग्रॅम, एका मुलाचा वाटा दहावा भाग, म्हणजे एक मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद पट्टी. साठ मुलांच्या एका जेवणाला सहा चौरस मीटर. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर १४४, म्हणजे बारा मीटर लांब आणि बारा मीटर रुंद मेथीच मेथी. आमच्या दोन्ही खोल्या आणि व्हरांडा मिळूनही एवढी जागा होत नाही.

पाण्याचं गणित नोंदवहीतच होतं. बारा लिटर गुणिले अठ्ठावीस दिवस, ३३६ लिटर. न निवडलेल्या २४०० ग्रॅमला ३३६, तर ५० ग्रॅमला सात लिटर. सात लिटर बादलीत भरून बादली फळ्याखाली ठेवली. शेजारी ५० ग्रॅम मेथी.

मराठीच्या तासाला नोंदवहीतल्या नोंदींवरून प्रत्येकाने "माझी पट्टी" हा परिच्छेद लिहिला. अट एकच होती, "सुंदर", "छान" हे शब्द नाहीत, पाहिलेलं लिहायचं. परिसर अभ्यासात पुढचा प्रश्न आला की मग बाकीची भाजी कुठून येते. मुलांनी ताईंबरोबर आठवडे बाजारात जाऊन कोणती भाजी कुठल्या गावाची ते विचारलं आणि तालुक्याच्या नकाशावर रेघा ओढल्या. चित्रकलेला त्याच नकाशाचा मोठा तक्ता झाला.

वेळ किती गेला? गणिताचे चार तास, मराठीचे दोन, परिसर अभ्यासाचे तीन, आणि रोज परिपाठानंतर दहा मिनिटं. जादा तास एकही नाही. क्षेत्रफळ, एकक-पद्धत आणि परिच्छेदलेखन एरवीही शिकवायचंच होतं.

५. पण मग पर्यावरणाची मूल्यं कधी शिकवायची?

वरच्या उदाहरणात ती येऊन गेली. ताटात टाकलेली भाजी म्हणजे कोणाची तरी पट्टी आणि बादलीभर पाणी, हे मुलांनी स्वतः मोजलेलं आहे. त्यावर "अन्न वाया घालवू नये" असं फळ्यावर लिहिण्याची गरज नाही. मी एकदा लिहिलं होतं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि चर्चा तिथंच संपली.

आपल्याला सोयीची नसलेली मूल्यंही बागेत समोर येतात, ती टाळू नका. उदाहरणार्थ तण. सरसकट "तण उपटा" म्हणण्याआधी गावातल्या एखाद्या आजींना पावसाळ्यात बागेत बोलवा. आमच्याकडे त्यांनी उपटायला ठेवलेल्या ढिगातून घोळ, तांदुळजा, कुर्डू आणि टाकळा वेगळा काढला आणि म्हणाल्या, "ही तर भाजी हाय." मुलांनी त्यांना विचारून प्रत्येकीची ओळख, चव आणि कधी खुडायची ते लिहून घेतलं. नावं घराघरांत बदलत होती, त्यावर भाषेचा एक तास सहज झाला. आजींनी ओळखलेलीच रानभाजी घ्यायची, मुलांनी आपल्या मनाने काही तोंडात घालायचं नाही, हे मात्र आधी बजावा.

त्याच ढिगात गाजर गवतही होतं. हे आपल्याकडचं नाही. भारतात त्याची नोंद प्रथम पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यात झाली. आयात गव्हाबरोबर आलं असं सर्रास सांगतात. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. एकाच ढिगात एक तण जेवणात जातं आणि दुसऱ्याने अंगाला खाज सुटते. गाजर गवत मोठ्यांनी, हातमोजे घालून, फुलं येण्याआधी उपटायचं. मुलांना हात लावू देऊ नका.

६. आमच्याकडे पाण्याची बोंब आहे. बाग कशी जगवायची?

आधी शाळेतून वाया जाणारं पाणी मोजा. जेवणाआधी हात धुण्याच्या जागी बादल्या लावल्या तेव्हा आमच्याकडे साठ मुलांचं तीस लिटर निघालं, मुलामागे अर्धा लिटर. मेथीच्या वाफ्याला थंडीत बारा लिटर पुरतं हे वर आलंच आहे. साबणाचं पाणी अळू, केळ, शेवगा यांना द्या. तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी पालेभाजीला.

पाणी कमी की जास्त, हे पानं पाहून ठरवू नका, दोन्हींत ती मलूल दिसतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. टोकाला ओल लागली तर आज पाणी नको. आणि वाफ्यावर वाळका पाला दोन बोटं जाड अंथरा. आच्छादन केलेला अर्धा आणि उघडा अर्धा वाफा अशी तुलना करा, विज्ञानाचा प्रयोग तयार होतो.

भूगोलासाठी पर्जन्यमापक करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा कळलं की मुलं छपराकडे वेगळ्या नजरेने बघतात. चाळीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर ४०० लिटर. पर्जन्यमापकाला सरळ बाजूंची, गळा कापलेली बाटली घ्या. तिचा तळ खाचांचा असतो, म्हणून आधी खडे आणि थोडं पाणी घालून सपाट पातळीवर शून्याची खूण करा. ही खूण न केल्यामुळे आमच्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या नोंदी चुकल्या.

७. खताचा खड्डा केला, पण वास येतो म्हणून मुख्याध्यापक बुजवायला सांगतात.

वास येतो म्हणजे ओलं जास्त आणि हवा कमी. एक बादली भाजीच्या सालींवर दोन ते तीन बादल्या वाळका पाला, हे प्रमाण धरा आणि आठवड्यातून एकदा वरखाली करा. मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा, भुगा होऊन सांडलं तर पाणी शिंपडा. उरलेली खिचडी खड्ड्यात घालू नका, घूस आणि उंदीर येतात.

साधारण तीन महिन्यांनी काळं, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असलेलं खत होतं. तयार झालं का हे पाहायचं तर त्यात मेथीचे दहा दाणे टाका. आठ-नऊ उगवले तर वापरा. ताजं शेण थेट वाफ्यात घालू नका, रोपं करपतात.

८. कोथिंबीर पेरली, पंधरा दिवस झाले, काहीच उगवलं नाही.

धणे अख्खे पेरलेत का? धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. तरीही आठ-दहा दिवस लागतातच, मेथीसारखी चार दिवसांत डोकं वर काढत नाही. बी जुनं असेल तर पेरण्याआधी तपासा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि किती मोडले ते मोजा. दहापैकी सहा म्हणजे साठ टक्के. पाचवीला शेकडेवारी अशी समजते.

दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नका. त्यापेक्षा गावात घरोघरी मागा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणी जपल्याबद्दलच. आपल्याही गावात कोणाच्या तरी मडक्यात राखेत ठेवलेलं वालाचं बी असतं.

९. चवळीवर मावा पडला. फवारणी करू का?

शाळेत रासायनिक फवारणी नको. घरी उरलेलं थोडं औषध आणून तर मुळीच नको. आधी मुलांना दहा रोपं निवडून मोजायला लावा, मावा किती आणि ढालकिडे किती. ढालकिड्याची अळी काळी, खवल्यांची, चिमुकल्या मगरीसारखी दिसते. आमच्या मुलांनी कीड समजून अशा पंधरा-वीस चिरडल्या होत्या, आणि त्याच अळ्या मावा खातात. कळल्यावर एक मुलगा दोन दिवस वाफ्याकडे फिरकला नाही.

मावा वाढतच राहिला तर पाण्याचा जोराचा फवारा, आणि त्यानेही नाही आटोपलं तर निंबोळी अर्क. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीचं भरड पीठ रात्रभर भिजवून गाळा, किंचित साबण घाला आणि संध्याकाळी मोठ्यांनी फवारा. नंतर दोन-चार दिवस खुडू नका.

१०. बागेतली भाजी पोषण आहारात घालायला परवानगी लागते का?

परसबाग पोषण आहाराला पूरक म्हणूनच धरलेली आहे, तेव्हा अडचण नसते. पण स्वयंपाकाच्या ताईंना आदल्या दिवशी सांगा. चिखलाची दोन किलो मेथी सकाळी अकराला त्यांच्यापुढे टाकली तर त्यांचा राग रास्तच आहे. निवडायला मुलांना बसवा, तीनदा धुवा, आणि वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची ती नेहमीसारखी घ्याच.

११. पालक म्हणतात, "शिकायला पाठवलंय, राबायला नाही." काय सांगायचं?

काही वेळा त्यांचं बरोबर असतं. बागकाम शिक्षा म्हणून दिलं, किंवा मुलं खणताहेत आणि आपण खुर्चीत बसलोय असं असेल, तर ते राबवणंच आहे. आमचा नियम असा की रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, जड खणणं शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांचं, आणि ज्या कामातून नोंदवहीत काही लिहिलं जात नाही ते काम मुलांचं नाही. समितीच्या बैठकीत नोंदवही आणि गणिताची वही शेजारी शेजारी ठेवली, त्यानंतर प्रश्न आला नाही.

१२. पाणी नेहमी मुलीच घालतात आणि शेणाला काही मुलं हात लावत नाहीत. बोलायचं की सोडून द्यायचं?

सोडू नका, पण भाषणही नको. पाळीचा तक्ता हजेरी क्रमांकाने लावा, आवडीने नाही. शेणाच्या पाळीला सर किंवा बाईंचंही नाव टाका आणि पहिली पाटी आपण उचला. एका पालकाने मला फोन करून, "आमच्याकडे हे काम करत नाहीत," असं सांगितलं होतं. मी तक्ता दाखवला, त्यात माझं नाव सोमवारी होतं. मुलाची पाळी गुरुवारी होती. ज्याला त्वचेचा किंवा दम्याचा त्रास आहे त्याला वेगळं काम द्या. सूट फक्त त्या कारणाने.

१३. याचं मूल्यमापन कसं करायचं?

गणित, भाषा यांचं त्या त्या विषयात होतं. मूल्यांना गुण देऊ नका. "पाणी का वाचवावे?" याचं उत्तर सगळ्यांना येतं. मी दोनच गोष्टी वहीत टिपतो: घरी जाताना बाटलीतलं उरलेलं पाणी कोण कुठे ओततं, आणि नोंदवहीत चुकलेला आकडा कोण स्वतःहून दुरुस्त करतं.

१४. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं वाळून जातं.

जाऊ द्या. मार्चअखेर हंगामी वाफे रिकामे करा, दोन-चार रोपं बियांसाठी राखा, बी वाळवून राखेत ठेवा आणि वाफ्यावर पाल्याचा जाड थर द्या. शेवगा, कढीपत्ता आणि अळू एवढंच सुट्टीत जगवायचं ठेवा. शाळेजवळ राहणाऱ्या तीन घरांना आठवड्याची पाळी वाटून द्या. बदल्यात शेवग्याच्या शेंगा त्यांच्या.

१५. कुंपण आहे तरी शेळ्या येतात.

फाटकाला कडी लावायची पाळी कोणाची आहे ते बघा. आमच्याकडे शेळी दरवेळी फाटकातूनच आली.